कडा पापड, मधे चामडं: पोर्क बेलीच्या क्रॅकलिंगचं एक प्रकरण

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी लीड्सहून वहिनींचा फोन आला. फोनच्या आधी चार फोटो येऊन पडले होते. पहिल्या फोटोत भाजलेली पोर्क बेली, म्हणजे डुकराच्या पोटाकडचा कातडीसकट तुकडा, वरून सोनेरी, कडेला छान फोड आलेले. दुसऱ्या फोटोत तोच तुकडा कापलेला, आणि कातडीचा मधला भाग सुरीला चिकटून चपलेच्या पट्ट्यासारखा ताणला गेलेला. ‘‘भाऊजी, कातडी नाही हो, चामडं झालंय,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘कडेचे चार तुकडे दादांनी उभ्याउभ्या खाल्ले. मधलं सगळं काढून ठेवलंय.’’

डिसेंबरात त्यांच्याकडे आठ माणसं जेवायला यायची होती आणि तोच पदार्थ ठरला होता, म्हणून हे प्रकरण नीट उलगडायचं ठरलं. डुकराचं मांस रस्स्यात शिजवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यात कातडी मऊ, लुसलुशीतच हवी असते. इंग्रजी पद्धतीच्या भाजणीत नेमकं उलट हवं. खाली मांस सुटं होईल इतकं मऊ, आणि वर कातडी अशी की चमच्याने टकटक केलं तर खणखणावी. एकाच तुकड्याला एकाच ओव्हनमध्ये या दोन गोष्टी करायच्या असतात, आणि दोघींना लागणारी उष्णता वेगळी असते. सगळी गोची तिथे आहे.

वहिनींनी काय केलं होतं ते आधी विचारून घेतलं. सुपरमार्केटमधून आणलेला, प्लास्टिकमध्ये हवा काढून बंद केलेला, हाडं काढलेला १.६ किलोचा तुकडा. रविवारी सकाळी अकराला पाकीट फोडलं, कागदाने पुसलं, तेल-मीठ चोळलं, ओव्हन २२० अंशांवर लावून दिवा गेल्यावर आत सरकवलं. वीस मिनिटांनी १६० वर आणलं, ट्रेमध्ये दोन ग्लास पाणी आणि कांदे घातले, दोन तास ठेवलं. कडा जास्त लाल व्हायला लागल्या म्हणून शेवटची पाऊण तास वरून फॉइल लावली, आणि बाहेर काढल्यावर गरम राहावं म्हणून पुन्हा फॉइलमध्येच झाकून ठेवलं.

ऐकायला सगळं बरोबर वाटतं. पाककृतीत साधारण हेच लिहिलेलं असतं.

मी त्यांना कुरडईची आठवण करून दिली. कुरडई फुलते कशी? गहू भिजवून, वाटून काढलेला चीक आधी शिजवावा लागतो, मग सोऱ्यातून पाडून कडकडीत वाळवावा लागतो, आणि मग तेल चांगलं तापलेलं असावं लागतं. तिन्हीतलं एक चुकलं तरी ती फुलत नाही. अर्धवट वाळलेली तळली तर दातांना चिकटते, तेल थंड असलं तर दगडासारखी राहते. डुकराच्या कातडीचं गणित जवळजवळ हेच आहे, फक्त स्टार्चच्या जागी कोलॅजेन आहे. कोलॅजेन म्हणजे कातडीला चिवटपणा देणारं प्रथिन. ते ओलाव्यात आणि उष्णतेत शिजलं की त्याचं जिलेटिन होतं. जिलेटिन झालेली कातडी वाळली आणि तिच्यावर एकदम कडक आच आली की आत उरलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते, ती वाफ कातडीला आतून फुगवते, आणि फुगलेली कातडी तशीच कडक होते. तो फोड म्हणजेच क्रॅकलिंग.

यातली मेख पाण्यात आहे. कातडीत थोडं पाणी असायलाच हवं, नाहीतर शिजायचं कशात आणि फुगायचं कशाने. पण वरच्या थरावर पाणी असेल तर ते उडून जाईपर्यंत कातडी शंभर अंशांच्या पुढे सरकतच नाही, मग ओव्हनचा काटा कुठेही असो. फोड यायला त्याच्या बऱ्याच वर जावं लागतं. वहिनींच्या तुकड्याची कातडी कित्येक दिवस प्लास्टिकच्या आत स्वतःच्याच रसात बसलेली होती. कागदाने वरचे थेंब पुसले जातात, कातडीत मुरलेलं पाणी जात नाही. पहिली वीस मिनिटं ओव्हनने ते पाणी वाळवण्यात घालवली, आणि कातडी तापायची वेळ आली तेव्हा वहिनींनी आच कमी केली.

कडेचे फोडही हेच सांगत होते. कडेला कातडी दोन बाजूंनी वाळते, गरम हवा तिला तीन बाजूंनी लागते, म्हणून ती आधी पोचली.

पुढच्या शनिवारी ओव्हनचा थर्मामीटर घेऊन मी लीड्सला गेलो. पंधरा पौंडांत मिळणारी ही वस्तू, एरवी कुणी घेत नाही. ओव्हन २२० वर लावला. दिवा गेला तेव्हा आतली जाळी १९५ दाखवत होती. दार उघडून रिकामा ट्रे ठेवून बंद केलं तर काटा १६५ पर्यंत खाली आला आणि परत १९५ ला यायला नऊ मिनिटं लागली. म्हणजे वहिनींच्या ज्या वीस मिनिटांच्या कडक आचेवर सगळी भिस्त होती, ती खरं तर दहा-अकरा मिनिटांची मध्यम आच होती. त्यात तुकडा फ्रीजमधला थंड. दोष वहिनींचा कमी, ओव्हनच्या दिव्याचा जास्त. तो दिवा आतल्या हवेपुरतं बोलतो, भिंती आणि जाळ्या अजून तापायच्या असतात, आणि दार उघडल्यावर उष्णता त्यांच्याकडूनच परत मिळते.

फ्रीजमध्ये ठेवलेला उरलेला तुकडाही पाहिला. कातडीला दिलेल्या चिरांच्या आजूबाजूला तपकिरी साय धरल्यासारखे डाग होते. तीन-चार चिरा चरबी ओलांडून मांसापर्यंत गेल्या होत्या. अशी चीर पडली की भाजताना मांसाचा रस त्या फटीतून उकळत वर येतो आणि नेमकी त्या रेषेभोवतीची कातडी भिजवतो. चामडं पट्ट्यापट्ट्यांत झालं असेल तर आधी चिरांची खोली बघावी. मधे मोठा गोल डाग असेल तर कारण सहसा वेगळं, त्याकडे येतोच.

दुसऱ्या वेळी तुकडा खाटकाकडून घेतला. १ किलो ५५० ग्रॅम, साधारण साडेचार सेंटीमीटर जाड, सगळीकडे सारखा. वहिनींनी वजन विचारलं, मी जाडी विचारली. मंद आचेची वेळ जाडीवर ठरते. तोच तुकडा दुप्पट लांब असता तर वजन दुप्पट झालं असतं, वेळ फार तर थोडी वाढली असती, कारण उष्णतेला मधे पोचायला तेवढंच अंतर कापायचं असतं. किलोमागे इतकी मिनिटं हा हिशेब बेलीच्या पसरट तुकड्याला लागू पडत नाही.

चिरा आम्ही घरीच दिल्या, नवीन पातं घातलेल्या पेपर-कटरने. स्वयंपाकघरातली सुरी, कितीही धारदार असो, कातडीवर घसरते आणि मग एकदम आत जाते. एक-एक सेंटीमीटरवर रेषा, कातडी पार होऊन पांढऱ्या चरबीत जरा शिरेल इतक्याच. थंड तुकड्यावर हे सोपं जातं, चरबी घट्ट असते. चीनच्या कँटन भागातल्या सिउ युक पद्धतीत चिरांऐवजी कातडीला सुयांनी शेकडो भोकं पाडतात, काम तेच: खालची चरबी वितळून वर यायला आणि वाफेला बाहेर पडायला वाट.

मसाला फक्त मांसाच्या बाजूला. भरडलेली बडीशेप, मिरी, लसूण, मीठ. कातडीवर लसणाचा कणही जाता कामा नये, तो जळतो आणि कडू होतो. कातडीला नुसतं मीठ, दोन चमचे, चिरांमध्ये बोटाने सारून. वहिनींनी बेकिंग पावडर लावायची का विचारलं. लावतात काही जण, त्याने कातडी लवकर कुरकुरीत होते असं म्हणतात. मला ती चव नको असते आणि नीट वाळवलेल्या कातडीला तिची गरज पडत नाही, म्हणून नाही लावली.

मग वाळवण. त्यानंतरच्या गुरुवारी रात्री दहाला तुकडा जाळीवर, जाळी ट्रेवर, ट्रे फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. वर काहीही झाकलेलं नाही. कच्चं मांस उघडं ठेवायचं तर खालचाच कप्पा, म्हणजे कुठे काही ठिबकणार नाही. फ्रीजची हवा थंड आणि कोरडी असते, कुरडईच्या वाळवणाला जे एप्रिलचं ऊन करतं ते इथे ती करते, फक्त सावकाश. शुक्रवारी सकाळी मिठाने ओढून काढलेले थेंब कातडीवर जमले होते, घाम आल्यासारखे. ते पुसून टाकले, मीठही झटकलं. शनिवारी दुपारी दोनला, चाळीस तासांनी, कातडी पार बदललेली होती. आधी ती दुधट आणि बोटाला ओलसर लागत होती, आता पिवळसर, आरपार दिसेल की काय अशी, नखाने वाजवली तर टकटक करणारी. वजन केलं, १ किलो ४९५. पंचावन्न ग्रॅम गेले. ते सगळं पाणी ओव्हनमध्ये आमच्या कडक आचेच्या वाट्याला आलं असतं.

इथे एक फसगत होता होता राहिली. फ्रीजमधून काढून तुकडा ओट्यावर ठेवला आणि शेजारी वहिनींनी बटाट्यांना उकळी आणली. पाच मिनिटांत वाळलेल्या कातडीवर दव आलं. पावसाळ्यात थंड स्टीलच्या पेल्यावर येतं तसंच. चाळीस तासांची मेहनत बटाट्यांच्या वाफेत जायची. पुसलं, पातेलं झाकलं, तुकडा बाहेरच्या खोलीत नेला. कडक आच आधी देणार असाल तर मांस आधी काढून खोलीच्या तापमानाला आणायची खटपट करूच नये. थंड मांस वरच्या आचेला अर्धा तास सहज सहन करतं, उलट आतून जास्त शिजत नाही.

ओव्हन चाळीस मिनिटं तापवला. काटा २५० वर ठेवला तेव्हा थर्मामीटर २३८ म्हणाला, तेवढं पुरे. तुकडा जाळीवर ठेवण्याआधी फॉइलचा लिंबाएवढा गोळा करून मधोमध खाली सारला. हा त्या मधल्या गोल डागाचा इलाज. तापल्यावर मांस आकसतं, तुकड्याच्या कडा उचलल्या जातात आणि मधे खळगा पडतो. त्या खळग्यात रस साठतो, शिवाय वरच्या आचेपासून तो भाग सर्वांत लांब जातो. गोळ्यामुळे मधला भाग थोडा उंच राहतो आणि वर जे येईल ते उताराने निघून जातं. मग कातडीला अगदी पुसटसं तेल, वर चिमूट-दोन चिमूट जाड मीठ, आणि आत. घड्याळ तीन वाजून पाच मिनिटं.

पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. इथे माणूस घाबरतो आणि दार उघडतो. वहिनींना मी दारापासून लांब बसवलं. अकराव्या मिनिटाला पहिला आवाज आला, कोरडा, टिक् असा. मग मागच्या उजव्या कोपऱ्यात पहिला फोड. पंधराव्या मिनिटाला आवाज सारखा यायला लागला, फोडणीत मोहरी तडतडते त्याच्या शेवटी-शेवटी जशी विरळ होते तसा, आणि कातडीवर फोडांची एक लाट मागून पुढे सरकताना काचेतून स्पष्ट दिसत होती. विसाव्या मिनिटाला मागचा उजवा कोपरा काळपट होऊ लागला. प्रत्येक ओव्हनला असा एक तापट कोपरा असतोच. झटकन ट्रे फिरवला, दार चार सेकंद उघडं. याच सुमारास ट्रेमध्ये पडलेली चरबी धुरावली आणि दादा टॉवेल घेऊन धुराच्या अलार्मखाली उभे राहिले. ट्रेमध्ये अर्धा कप गरम पाणी ओतलं. ओतायचं ते ट्रेच्या कोपऱ्यात, कातडीवर एक थेंब नको. धूर थांबेल इतकंच, ट्रेभर नाही. ट्रेभर पाणी घातलं की ओव्हनचं मोदकपात्र होतं.

पस्तिसाव्या मिनिटाला कातडीचा तीन-चतुर्थांश भाग फुललेला होता. मधे डावीकडे तळहाताएवढा पट्टा अजून सपाट होता. वहिनी म्हणाल्या, ‘‘अजून दहा मिनिटं ठेवू या का?’’ मी नको म्हटलं. बाकीचे फोड करपायला लागले असते. आच १६० वर आणली आणि दार अर्धा मिनिट सताड उघडं ठेवलं. त्याने दोन गोष्टी होतात. साठलेली वाफ जाते आणि ओव्हन खरोखर खाली उतरतो. नुसता काटा फिरवला तर तो पुढची वीस मिनिटं दोनशेच्या आसपासच रेंगाळतो.

मंद आचेचं काम मांसासाठी. सत्तर-पंचाहत्तर अंशांना मांस खायला सुरक्षित झालेलं असतं, पण पोटाचा भाग तेव्हा चिवट असतो, थरांमधली चरबी रबरासारखी लागते. तिथलं कोलॅजेन सुटायला त्याला नव्वदीच्या आसपास न्यावं लागतं आणि तिथवर सावकाश न्यावं लागतं. मंद आच सुरू केल्यावर सव्वा तासाने आत थर्मामीटर खुपसला, बाजूने, कातडीतून नव्हे. ७९. लोखंडी सळई घातली तर मधल्या थराला अडली. पाककृतीतल्या वेळेवर गेलो असतो तर इथेच काढलं असतं. एक तास पन्नास मिनिटांनी ९१, आणि सळई विनातक्रार आरपार. या सगळ्या वेळात फॉइल लावली नाही. फॉइलखाली मांसाची वाफ कोंडते आणि फुललेली कातडी पाण्यात टाकलेल्या पापडासारखी बसते. नोव्हेंबरात वहिनींनी जे थोडं कमावलं होतं त्यातलं अर्धं असंच गेलं होतं. एखादा कोपरा करपत असेल तर तेवढ्याच कोपऱ्यावर फॉइलची चिंधी टाकावी.

तो तळहाताएवढा पट्टा मात्र तसाच होता. रंग मधासारखा, चकचकीत, चमच्याच्या मागच्या बाजूने वाजवला तर थप् असा आवाज. फुललेल्या भागावर खण् असा. डोळ्यांपेक्षा हा आवाज खरा, कारण चांगला रंग आलेलं चामडं दिसायला क्रॅकलिंगसारखंच दिसतं.

पण आता त्या पट्ट्याची स्थिती पहिल्या अर्ध्या तासापेक्षा चांगली होती. दोन तासांच्या मंद आचेत त्यातलं कोलॅजेन शिजून गेलं होतं आणि वरचा थर वाळला होता, म्हणजे कुरडई शिजून-वाळून तयार, फक्त तेलात पडायची बाकी. म्हणूनच काही जण कडक आच शेवटी देतात, आणि ती पद्धतही चुकीची नाही. मी आधी देतो ती दोन कारणांनी. कातडी जमतेय की नाही हे पहिल्या अर्ध्या तासातच कळतं आणि दुरुस्तीला दोन तास हाती राहतात. शिवाय पाहुणे टेबलावर बसलेले असताना घरात धूर होत नाही.

फुललेल्या भागांवर फॉइलच्या पट्ट्या टाकल्या, पट्टा तेवढा उघडा ठेवला, वरचं ग्रिल लावलं. ग्रिलपासून अंतर एक वीत. आता मात्र काचेसमोरून हलायचं नाही, कारण फुलण्यात आणि जळण्यात अर्ध्या मिनिटाचंच अंतर असतं. दुसऱ्या मिनिटाला पहिला बुडबुडा, चौथ्या मिनिटाला पट्टा बाकीच्यात मिसळून गेला. बंद.

बाहेर काढून वीस मिनिटं तसंच उघडं ठेवलं. वहिनींचा हात सवयीने फॉइलकडे गेला होता. कापताना तुकडा उलटा, कातडी खाली पाटावर. वरून कापायला गेलं तर कुरकुरीत कातडी फुटते आणि दाबाने खालचं मऊ मांस चिरडून बाहेर येतं. उलटं ठेवलं की सुरी आधी मांसातून अलगद जाते, मग जड सुरीच्या मागच्या बाजूवर तळहात ठेवून एक दाब, कडक् आवाज, आणि सरळ काप. सुरी आधी दिलेल्या चिरांच्या रेषेतच धरायची.

डिसेंबरात वहिनींनी हेच दोन तुकड्यांवर केलं, मी नव्हतो. दोन ट्रे एकाखाली एक ठेवले तर खालच्याला कडक आच मिळत नाही, म्हणून पहिला अर्धा तास एकेकाला वर ठेवून दिला आणि मंद आच दोघांना एकत्र. फोनवर एकच तक्रार होती. उरलेले सहा काप रात्री डब्यात घालून झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवले आणि सकाळी कातडी वातड झाली. मांसातला ओलावा बंद डब्यात कातडीने शोषला होता. मायक्रोवेव्ह नको म्हटलं, त्यात ती आणखी चिवट होते. कातडी वर करून दोनशेच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवायला सांगितलं. अर्ध्या तासाने फोटो आला. सहापैकी चारच काप होते.